सोप्याकडून अवघडाकडे: संगणकीय चाचणीतील प्रश्नक्रमाची पार्श्वभूमी

प्रश्न चढत्या काठिण्याने मांडण्याची रीत संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये तयार केलेल्या बुद्धिमापन श्रेणीत ३० कसोट्या सोप्याकडून अवघडाकडे लावलेल्या होत्या. १९०८ च्या आवृत्तीत त्या वयोगटांत बसवण्यात आल्या.

विद्यार्थ्याच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न निवडणाऱ्या आजच्या छोट्या अनुकूली चाचण्यांना मात्र १९७१ मधील एक युक्ती अधिक जवळची आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक लॉर्ड यांनी मांडलेली ही ‘फ्लेक्सिलेव्हल’ चाचणी मुळात कागदावरच घेता यावी अशी होती. सांगली जिल्ह्यातील एखाद्या शाळेने अपूर्णांकांच्या बेरजेवर चढत्या क्रमाने नऊ प्रश्न लावले आहेत, असे समजू. विद्यार्थी पाचव्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उत्तर बरोबर आले की न सोडवलेल्यांपैकी लगेचचा अवघड प्रश्न, चुकले की लगेचचा सोपा प्रश्न त्याच्यापुढे येतो, आणि पाच प्रश्न झाले की चाचणी संपते. पाचवा बरोबर, सहावा चूक, चौथा बरोबर, सातवा चूक असे झाले, तर त्याला शेवटी तिसरा प्रश्न मिळतो. सोडवलेले प्रश्न असे नेहमी सलग राहतात, म्हणून नुसत्या बरोबर उत्तरांच्या संख्येवरही दोन विद्यार्थ्यांची तुलना बऱ्यापैकी करता येते. शेवटचे उत्तर चुकले असेल, तर लॉर्ड अर्धा गुण वाढवून देतात; कारण तेवढीच बरोबर उत्तरे देऊन शेवटचेही बरोबर आणणाऱ्यापेक्षा या विद्यार्थ्याचा संच एका पायरीने अवघड असतो.

ही सगळी रचना क्रम खरा असण्यावर उभी आहे आणि क्रम नुसत्या अंदाजाने लावला तर तो फसतो. ३७/१०० + २५/१०० मोठ्या आकड्यांमुळे अवघड दिसते, पण छेद समान असल्याने ते सोपे जाते. उलट १/२ + १/३ दिसायला साधे असूनही अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात. म्हणून आधी सर्व नऊ प्रश्न सर्वांना सोडवायला देऊन बरोबर उत्तरांचे प्रमाण काढावे लागते. तरीही ४० मुलांच्या वर्गात एक प्रश्न २६ जणांना आणि दुसरा २४ जणांना जमला, तर तेवढ्यावरून त्यांचा क्रम ठरवू नये. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

शिवाय हे प्रमाण त्या वर्गाच्या तयारीवर अवलंबून असते. डॅनिश गणितज्ञ गेऑर्ग राश यांच्या १९६० मधील प्रतिमानाने प्रश्नाचे काठिण्य आणि विद्यार्थ्याची क्षमता एकाच मापपट्टीवर, पण वेगवेगळी मोजण्याची वाट दिली. त्यासाठीही सर्व प्रश्नांनी एकच क्षमता तपासणे आवश्यक असते. अपूर्णांकांच्या संचात लांबलचक शाब्दिक उदाहरण घातले, तर वाचनात मागे असलेले मूल बेरीज येत असूनही तेथे अडते आणि चाचणी त्याला विनाकारण खालच्या पायरीवर नेते.