सरासरी त्वरणाने वेग बरोबर येतो, अंतर चुकतं

सोलापूर स्टेशनातून पुण्याकडे निघालेली गाडी पहिल्या काही सेकंदांत अंगाला जाणवेल इतका जोर धरते, आणि बाळे स्टेशन येईपर्यंत तो जोर कळेनासा होतो. गाडीचा वेग तेव्हाही जास्तच असतो, फक्त तो वाढायचा मंदावलेला असतो. म्हणजे त्वरण स्थिर नाही, वेळेबरोबर ते कमी होत जातं. शाळेत घोकलेली v = u + at आणि s = ut + ½at² ही दोन्ही समीकरणं इथे लागू पडत नाहीत, कारण त्यांतला a बदलत नाही असं धरूनच ती मांडलेली आहेत.

डब्यांखालीच मोटारी असलेली, वंदे भारतसारखी गाडी डोळ्यांसमोर ठेवून हिशेबाला सोपे आकडे घेऊ. सुटताना त्वरण ०.६ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि दर सेकंदाला ते ०.०१ ने उतरतं:

a = ०.६ − ०.०१t

साठाव्या सेकंदाला त्वरण शून्य होतं आणि तिथून पुढे गाडी एकाच वेगाने धावते. खऱ्या गाडीत हा उतार इतका सरळ नसतो. वेग कमी असताना चाक रुळावर घसरू नये एवढाच जोर लावता येतो. पुढे मोटारीची शक्ती कमाल मर्यादेला पोचली की वेग वाढेल तसा ओढायचा जोर घटतो, आणि हवेचा विरोधही वाढत जातो. पण पद्धत समजून घ्यायला ही सरळ रेषा पुरते.

वेग काढायचा म्हणजे प्रत्येक क्षणी वेगात पडलेली छोटीशी भर गोळा करत जायची. हेच समाकलन, म्हणजे कॉलेजात सगळे म्हणतात ते इंटिग्रेशन. आधी ते हातानेच करून बघू. एका मिनिटाचे दहा-दहा सेकंदांचे सहा तुकडे पाडा. पहिल्या तुकड्यात त्वरण ०.६ वरून ०.५ वर येतं, सरासरी ०.५५, म्हणून दहा सेकंदांत वेग ५.५ मीटर प्रति सेकंद होतो. दुसऱ्या तुकड्यात ४.५ ची भर पडते, मग ३.५, २.५, १.५ आणि शेवटी ०.५. वेग चढत जातो तो असा: ५.५, १०, १३.५, १६, १७.५, १८. शेवटचा आकडा म्हणजे ताशी जवळजवळ ६५ किलोमीटर.

तेच इंटिग्रेशनने एका ओळीत मिळतं:

v = ०.६t − ०.००५t² + C

हा C विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. C म्हणजे घड्याळ सुरू केलं त्या क्षणीचा वेग. गाडी थांबलेल्या अवस्थेतून सुटली म्हणून इथे तो शून्य आहे. तीच गाडी स्टेशनातून न थांबता ५ मीटर प्रति सेकंदाने जात असताना हेच त्वरण सुरू झालं असतं, तर C = ५ आला असता. मग मिनिटाअखेर वेग १८ ऐवजी २३ झाला असता आणि अंतरात ५ × ६० = ३०० मीटरची भर पडली असती. त्वरणाच्या राशीत सुरुवातीच्या वेगाची माहिती मुळातच नसते. ती आपणच बाहेरून द्यायची असते.

आता वेगाचं पुन्हा इंटिग्रेशन करू. जागा स्टेशनपासून मोजतोय, म्हणून दुसरा स्थिरांकही शून्य:

x = ०.३t² − (०.००५/३)t³

t = ६० घातलं की १०८० − ३६० = ७२० मीटर. मघाच्या सहा तुकड्यांत दोन्ही टोकांच्या वेगांची सरासरी घेऊन अंतरं मिळवली, तर ७१५ मीटर येतात. पाच मीटर कमी पडतात, कारण वेगाचा आलेख वरच्या बाजूला फुगलेला आहे आणि आपण त्याची टोकं सरळ रेषेने जोडली. तुकडे बारीक करत गेलात की ही तूट भरून निघते.

आता कुणालाही सुचेल असा आडमार्ग बघू. त्वरण ०.६ पासून शून्यापर्यंत सरळ उतरलं, तर सरासरी ०.३ धरून जुनी समीकरणं का वापरू नयेत? वेग येतो ०.३ × ६० = १८. अगदी बरोबर! त्यामुळे पद्धतीवर विश्वास बसतो. मग अंतर काढलं की ½ × ०.३ × ३६०० = ५४० मीटर येतं. खरं अंतर ७२०. तब्बल १८० मीटरची चूक, आणि ती उत्तराकडे बघून कळत नाही.

याचं कारण समजलं की विषय उलगडतो. पहिल्या सेकंदात कमावलेला वेग गाडी पुढची ५९ सेकंदं वापरते, पण शेवटच्या सेकंदात कमावलेला वेग तिला जेमतेम सेकंदभर मिळतो. म्हणून अंतराच्या हिशेबात लवकर मिळालेल्या त्वरणाचं वजन जास्त. वेगाच्या हिशेबात मात्र सगळ्या सेकंदांचं वजन सारखं, म्हणून तिथे सरासरी चालते. उलटं करून पाहा: त्वरण शून्यापासून सुरू होऊन a = ०.०१t असं वाढत गेलं, तरी मिनिटाअखेर वेग १८ च येतो, पण अंतर फक्त ३६० मीटर. वेळ तीच, शेवटचा वेग तोच, सरासरी त्वरण तेच. अंतरं मात्र ३६०, ५४० आणि ७२०.

राशी कुठवर खरी आहे, हेही पाहावं लागतं. नव्वदाव्या सेकंदाला गाडी कुठे असेल? सूत्रात सरळ ९० घातले तर १२१५ मीटर येतात. पण साठ सेकंदांनंतर ती राशी लागूच नाही. तिथून १८ च्या वेगाने ३० सेकंदं, म्हणजे ७२० + ५४० = १२६० मीटर. दोन्ही आकडे सारखेच पटण्याजोगे दिसतात, म्हणून ही चूक लपून राहते. ओळखायची असेल तर वेग तपासा: त्याच सूत्राने नव्वदाव्या सेकंदाला वेग १३.५ येतो, म्हणजे गाडी हळू होतेय, आणि १२० सेकंदांना तर ती थांबते. ब्रेक कुणीच लावलेला नाही. अशा ठिकाणी गतीचे दोन भाग करायचे, आणि पहिल्या भागाचा शेवटचा वेग व जागा दुसऱ्याच्या सुरुवातीला द्यायची.

मोबाइलमधला त्वरणमापक वापरून हा प्रयोग गाडीत करता येतो, फक्त एक गोष्ट सांभाळा. फोन पुढेमागे अंशाच्या एक तृतीयांशाहूनही कमी कलला, तरी गुरुत्वाकर्षणाचा जवळजवळ ०.०५ एवढा भाग त्वरण म्हणून नोंदला जातो. एका मिनिटात त्यामुळे वेग ३ मीटर प्रति सेकंदाने चुकतो आणि जागा ९० मीटरने. दहा मिनिटांत वेगाची चूक दहापट होते, म्हणजे ३०. जागेची मात्र शंभरपट, म्हणजे ९ किलोमीटर. पुढच्या स्टेशनात गाडी उभी राहिली की खरा वेग शून्य असल्याची खात्री असते. तेव्हा हिशेबात आलेला ३० चा वेग ६०० सेकंदांनी भागा: ०.०५ हाती येतं. फोनचा कल मधे बदलला नसेल, तर सुरुवातीपासूनच्या प्रत्येक नोंदीतून ते वजा करा आणि दोन्ही इंटिग्रेशनं पुन्हा करा.