बुटातले १२ मिलिमीटर

गणपतीत गुहागरजवळ भाचीच्या सासरी गेलो होतो. तिचा सतरा महिन्यांचा मुलगा खळ्यात अनवाणी तुरुतुरु धावत होता, पण आरतीसाठी बूट घातले की चार पावलांत अडखळायचा. आजींनी दृष्ट काढली, पायात काळा दोरा बांधला. त्यांची माया मला कळते, पण बूट आखूड झाला असेल तर दोऱ्याने तो लांब होत नाही. मी बुटातली गादी बाहेर काढली, फूटपट्टी मागितली आणि मुलाला कागदावर उभं केलं.

गादी १३० मिलिमीटर, उजवा पाय १२९. एकच मिलिमीटर मोकळा!

"मामा, पाडव्याला घेतले तेव्हा दुकानदाराने अंगठ्याने दाबून दाखवलं होतं, पुढे चांगली जागा होती," भाची म्हणाली. पहिला घोटाळा इथेच झाला होता. वरून दाब पडला की एवढं मूल बोटं आत ओढून घेतं. बुटाच्या टोकाशी जागा लागते खरी, पण ती आखडलेल्या बोटांमुळे मोकळी झालेली असते. शिवाय मूल तक्रारही करत नाही. मोठ्यांच्या पायात २६ हाडं असतात. वर्षभराच्या मुलात त्यांतली बरीच अजून कूर्चाच असतात, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरचा भाग असतो तशी लवचीक. पायाच्या कमानीतलं नौकेच्या आकाराचं हाड तर साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास घट्ट व्हायला लागतं. असा मऊ पाय आखूड बुटात शिरताना अडत नाही, तो बुटाचा आकार घेतो. आपण मात्र 'बसला की!' म्हणून निश्चिंत होतो. बूट काढल्यावर बोटांवर लाल वळ दिसले, तर तीच त्याची तक्रार समजायची.

म्हणून माप पायाचं घ्यावं, तेही उभं करून, कारण वजन पडलं की पाय पसरतो. संध्याकाळी दोन्ही पाय मोजावेत आणि मोठा पाय धरावा. सर्वांत लांब बोटापासून टाचेपर्यंत जेवढं भरेल, त्यात १२ मिलिमीटर मिळवून पुठ्ठ्याची पट्टी कापावी. पट्टी न वाकता बुटात सपाट बसली पाहिजे. बुटावरच्या नंबरवर विसंबू नये, तो कंपनीगणिक बदलतो.

या १२ मिलिमीटरचं काय होतं? एक ते तीन वर्षांच्या वयात पाय महिन्याला सरासरी दीड मिलिमीटर वाढतो. काही जागा चालताना पाय पुढे सरकतो त्यासाठी हवी, बाकीची वाढीसाठी. आता आमच्या मुलाचा हिशेब मागे नेऊ. पाडवा ते गणपती पाच महिने, म्हणजे साडेसात मिलिमीटर. पाडव्याला पाय साधारण एकशे साडेएकवीस मिलिमीटर असणार आणि जागा जेमतेम साडेआठ. त्यात कोकणातला पाऊस! जूनमध्ये बूट कपाटात गेले, ते चाकरमानी यायच्या वेळी बुरशी पुसून बाहेर निघाले. बूट नवे दिसत होते, कारण ते वापरलेच नव्हते. पाय मात्र वाढतच राहिला.

म्हणून तीन वर्षांपर्यंत दर दोन महिन्यांनी पट्टी लावावी, आणि कपाटातून काढलेले बूट घालण्याआधी हमखास. जागा पाच मिलिमीटरच्या आत आली की बूट बदलावे. 'दोन नंबर मोठे घे, वर्षभर चालतील' हेही चुकीचं. मोठ्या बुटात पाय पुढे घसरतो, बोटं टोकाला आपटतात आणि मूल पुन्हा पडतं. वरून वेलक्रोच्या पट्ट्याने पाय मागे धरला गेला, तरच पुढची जागा कामाची.

सोलचं परीक्षण दुकानातच होतं. टोक आणि टाच धरून बूट वाकवा. तो हलक्या हाताने वाकावा, आणि जिथे बोटं सुरू होतात त्या चवड्याखाली वाकावा, मधोमध नव्हे. टाच उचलताना पाय तिथेच वाकतो. जाड, ताठ सोलचे चुंचुं वाजणारे बूट इथे हमखास नापास होतात.

'कमानीला आधार' देणाऱ्या महागड्या बुटांचाही या वयात उपयोग नाही. तळव्याखालच्या चरबीच्या गादीमुळे लहान मुलांचा पाय सपाटच दिसतो. आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेल्या मणिपालच्या डॉक्टरांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सपाट पाय बूट-चपला घालणाऱ्यांत ८.६ टक्के होते, अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. एवढ्यावरून बुटांनीच पाय सपाट होतात असं सिद्ध होत नाही, पण अनवाणी पायाला बाहेरच्या आधारावाचून कमान येते हे दिसतं.

भाचीला मी एवढंच सांगितलं की घरात आणि सारवलेल्या खळ्यात त्याला अनवाणीच राहू दे. जांभ्याच्या पाखाडीवर आणि बाजारात बूट घाल, कारण तिथे खडे टोचतात. तिने पुठ्ठ्याची पट्टी कापली, त्यावर तारीख लिहिली आणि कालनिर्णयच्या मागे खिळ्याला अडकवली.