भाषा-मॉडेलांच्या मूल्यमापनातील चाचणी-डेटाचे दूषण

एखाद्या शोधनिबंधात मोठ्या भाषा-मॉडेलची क्षमता सार्वजनिक बेंचमार्कवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या प्रश्नसंचावर मोजली जाते, आणि त्या बेंचमार्कमधील प्रश्न, उत्तरे किंवा त्यांचे जवळचे रूप मॉडेलच्या प्रशिक्षणाच्या मजकुरात आधीच आलेले असते, तेव्हा त्या स्थितीला चाचणी-डेटाचे दूषण म्हणतात. परिणाम पेपर फुटल्यासारखाच असतो. मिळालेले गुण खरे असले तरी ते न पाहिलेला प्रश्न सोडवण्याच्या क्षमतेचे आहेत की आठवणीचे, हे गुणांवरून सांगता येत नाही. बहुतेक वेळा यामागे हेतू नसतो. बेंचमार्क इंटरनेटवर खुले असतात, त्यांच्या प्रती अनेक संकेतस्थळांवर पडतात, आणि प्रशिक्षणाचा मजकूरही त्याच इंटरनेटवरून गोळा केलेला असतो.

दूषण शोधण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे शब्दसाखळीची जुळणी. चाचणीतील प्रश्नाचे सलग काही शब्द प्रशिक्षणाच्या मजकुरात जसेच्या तसे सापडले, तर तो प्रश्न संशयित ठरतो. संशयित प्रश्न वगळले की ‘स्वच्छ’ उपसंच उरतो, आणि पूर्ण संचावरील गुणांची त्यावरील गुणांशी तुलना केली जाते. ही पद्धत किती सांगते आणि कुठे थांबते, हे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या जीपीटी-3 या भाषा-मॉडेलच्या शोधनिबंधातून चांगले कळते, कारण त्याच्या लेखकांनी आपल्या तपासणीतील अडचणीही लिहून ठेवल्या आहेत. चाचण्यांशी जुळणारा मजकूर प्रशिक्षणाआधी काढून टाकण्याचा त्यांचा प्रयत्न होता. पण गाळणीच्या प्रोग्राममधील चुकीमुळे काही जुळण्या राहून गेल्या, आणि प्रशिक्षणाचा खर्च पाहता मॉडेल पुन्हा घडवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी साधारणपणे 13 शब्दांची साखळी हे माप धरून प्रत्येक बेंचमार्कचा स्वच्छ उपसंच काढला.

उताऱ्यांच्या आकलनाच्या डीआरओपी, क्यूयूएसी आणि स्क्वॉड 2 या चाचण्यांत 90 टक्क्यांहून अधिक प्रश्न संशयित ठरले. आकडा भयावह वाटतो, पण नमुने उघडून पाहिल्यावर वेगळेच दिसले: ज्या उताऱ्यांवर प्रश्न विचारले होते ते उतारे प्रशिक्षणाच्या मजकुरात होते, प्रश्न आणि उत्तरे मात्र नव्हती. उतारा आधी वाचलेला असणे आणि उत्तर माहीत असणे यांत मोठे अंतर आहे. जुळणीची टक्केवारी तेवढी सांगून थांबणारा निबंध हे अंतर पुसून टाकतो.

व्यवहारज्ञान तपासणाऱ्या पीआयक्यूए या चाचणीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची निघाली. तेथे 29 टक्के प्रश्न संशयित ठरले आणि स्वच्छ उपसंचावर गुण सुमारे 3 टक्क्यांनी घसरले. घसरण म्हणजे पाठांतराचा पुरावा, असा निष्कर्ष चटकन काढता आला असता. परंतु हा बेंचमार्क प्रशिक्षणाचा मजकूर गोळा झाल्यानंतर प्रसिद्ध झाला होता आणि त्याची उत्तरे लपवलेली होती. शिवाय पाठांतराची क्षमता फारच कमी असलेल्या, पंचवीसपट लहान मॉडेलचे गुणही तितकेच घसरले होते. त्यामुळे पाठांतरापेक्षा निवडीचा परिणाम असण्याची शक्यता लेखकांना अधिक वाटली: प्रशिक्षणाच्या मजकुरात असलेल्या वेबपानांवरून उचललेले प्रश्न मुळातच सोपे असतील, तर ते वगळल्यावर उरलेला संच आपोआप अवघड होतो. तरीही पाठांतराची शक्यता निर्विवादपणे नाकारता येत नव्हती, म्हणून निकालापुढे तारांकन टाकले गेले. स्वच्छ उपसंच हा मूळ संचाचा यादृच्छिक नमुना नसतो, हे या तपासणीतील सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे, आणि अनेक निबंधांत तेच सुटते.

उलट बाजूची, म्हणजे दूषण असूनही ते न सापडण्याची चूक अधिक त्रासदायक आहे, कारण ती दिसतच नाही. समजा, चाचणीतील प्रश्न असा आहे: ‘एका पेटीत 48 पेन्सिली आहेत, त्यांतल्या 12 काढून घेतल्या आणि उरलेल्या 4 मुलांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला किती मिळाल्या?’ प्रशिक्षणाच्या मजकुरात मात्र तो असा आहे: ‘48 पैकी डझनभर पेन्सिली बाजूला ठेवून बाकीच्या चौघांत समान विभागल्या, म्हणून एकेकाच्या वाट्याला 9 आल्या.’ दोन्हींत सलग 13 शब्द कुठेही सारखे नाहीत, पण प्रश्नही तोच आणि उत्तरही तेच. भाषांतराचीही हीच गत. 2023 साली संशोधकांनी चाचण्यांचे प्रश्न असे शब्द बदलून 13 अब्ज प्राचलांच्या, म्हणजे प्रशिक्षणात ठरणाऱ्या अंतर्गत आकड्यांच्या, तुलनेने लहान मॉडेलला शिकवले, तेव्हा त्याचे त्या चाचण्यांवरील गुण जीपीटी-4 च्या बरोबरीला पोहोचले, आणि शब्दसाखळीच्या जुळणीला त्याचा सुगावा लागला नाही. जुळणी सापडली नाही म्हणजे दूषण नाही, हे विधान म्हणूनच मान्य करता येत नाही.

प्रशिक्षणाचा मजकूर उपलब्ध नसेल, तर जुळणी करताच येत नाही. बाहेरच्या संशोधकांची बहुधा हीच स्थिती असते. अशा वेळी त्याच धाटणीचा नवा संच तयार करून दोन्हींवरील गुणांतील फरक पाहतात. 2021 च्या जीएसएम8के या शालेय गणिताच्या बेंचमार्कमध्ये चाचणीसाठी 1,319 उदाहरणे आहेत. 2024 साली स्केल एआय या कंपनीच्या संशोधकांनी पायऱ्यांची संख्या, काठिण्य आणि उत्तरांचा आकार जुळवून सुमारे 1,200 नवी उदाहरणे माणसांकडून लिहून घेतली. या संचाला जीएसएम1के म्हणतात. फाय आणि मिस्ट्रल या कुटुंबांतील मॉडेलांचे गुण नव्या संचावर ठळकपणे कमी आले, तर अग्रगण्य मॉडेलांत फरक नगण्य होता. जुन्या संचातील मजकूर जसाच्या तसा निर्माण करण्याची मॉडेलची संभाव्यता जितकी जास्त, तितकी घसरणही सर्वसाधारणपणे जास्त दिसली. तरीही घसरलेल्या मॉडेलांनीही नवी उदाहरणे मोठ्या प्रमाणात सोडवली, म्हणजे त्यांची सगळीच क्षमता पाठांतराची नव्हती.

असा फरक वाचताना नमुन्याच्या आकाराकडे पाहणे भाग असते. मॉडेलचे गुण 80 टक्क्यांच्या आसपास असतील, तर सुमारे 1,200 उदाहरणांवर प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना मर्यादित असल्याने गुणांत येणारा अपेक्षित चढउतार, जवळजवळ 1.15 टक्के आणि 1,319 वर 1.1 टक्के येते. दोन्ही मिळून फरकाची प्रमाण त्रुटी 1.6 टक्के होते. म्हणून 95 टक्के विश्वासपातळीवर साधारण 3 टक्क्यांच्या आतला फरक केवळ योगायोगाचाही असू शकतो. दोन टक्क्यांच्या घसरणीवरून एखाद्या मॉडेलवर दूषणाचा ठपका ठेवणे जितके चूक, तितकेच त्याला निर्दोष ठरवणेही चूक आहे. मोठी घसरण दिसली तरी ती प्रत्यक्ष फुटलेल्या प्रश्नांमुळे आली की बेंचमार्कच्या धर्तीवर बनवलेल्या सरावाच्या उदाहरणांमुळे, हे फरक सांगत नाही. जीएसएम8के चा स्वतंत्र प्रशिक्षण-भाग वापरणे तर नियमाला धरूनच आहे.

नवा संचही फार काळ नवा राहत नाही. 2024 साली जीएसएम1के ची उदाहरणे मुद्दाम जाहीर केली गेली नाहीत. परंतु बंद मॉडेलची चाचणी घ्यायची, तर प्रश्न त्या कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवावेच लागतात. काही बेंचमार्क यावर तारखेचा उपाय करतात: लाइव्हकोडबेंचमध्ये प्रोग्रामिंगच्या प्रत्येक प्रश्नाची प्रसिद्धीची तारीख नोंदलेली असते, आणि मॉडेलच्या प्रशिक्षणाची मुदत संपल्यानंतरच्या प्रश्नांवरील गुण वेगळे काढता येतात. मुदतीच्या तारखेनंतर गुण एकदम खाली आले, तर संशयाला आधार मिळतो. हा उपाय कंपनीने जाहीर केलेली मुदत खरी असण्यावर अवलंबून आहे, आणि नव्या तारखेचा प्रश्न जुन्याच प्रश्नाचे बदललेले रूप असेल, तर तारीख त्याला पकडू शकत नाही.