बाटली धुतली म्हणजे निर्जंतुक झाली का?

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, मशीन रोज लावते गं मी, तरी बाटल्यांना वास येतोच. मशीनच खराब निघालं वाटतं." दुसऱ्या दिवशी मी गेले. ओट्यावर विजेवर चालणारं स्टीम स्टेरिलायझर होतं, आत चार बाटल्या उलट्या मांडलेल्या, काचेसारख्या लखलखीत. त्यातली एक उचलली, रिंग फिरवून काढली आणि रिंगमधून निपल ओढून बाहेर काढलं. निपलच्या खालच्या कडेला, रिंगच्या आत दडते तिथे, पिवळसर चिकट थर होता. नखाने खरवडला तर सायीसारखा सुटला. वास तिथूनच येत होता.

मशीन ठणठणीत होतं. बहीण दूध पाजून झालं की बाटली नळाखाली विसळायची आणि थेट मशीनमध्ये ठेवायची. इतकी वाफ बसते म्हटल्यावर घासायचं कशाला, असा तिचा समज होता. तिच्या सासूबाईंचा समज वेगळा, पण चूक तीच. "आम्ही टोपात उकळायचो, खळखळ उकळलं की काय राहतंय त्यात?" आणि शेजारच्या वहिनींचं तिसरंच. त्यांच्या बॉटल वॉशच्या बाटलीवर जंतू मारतं असं छापलेलं असल्यामुळे त्या उकळतही नव्हत्या आणि वाफही देत नव्हत्या.

या तिघींच्या बोलण्यात दोन वेगळी कामं एकच समजली गेली आहेत. धुणं म्हणजे दुधाचा अंश काढणं. निर्जंतुक करणं म्हणजे उरलेले जंतू उष्णतेने मारणं. पहिलं काम साबण, ब्रश आणि वाहतं पाणी करतं, दुसरं उकळतं पाणी किंवा वाफ. एकाचं काम दुसरं करू शकत नाही, आणि क्रमही उलटा चालत नाही.

याचं कारण दुधाच्या पातेल्यात रोज दिसतं. दूध तापवल्यावर तळाशी जे धरतं, ते दुधातलं प्रथिन उष्णतेने घट्ट होऊन धातूला चिकटलेलं असतं. न घासलेल्या बाटलीला वाफ दिली की हेच होतं. निपलच्या कडेला राहिलेला दुधाचा पातळ थर शिजून पक्का बसतो. त्यात स्निग्धांशही असतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही आणि खवट वास धरतो. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर चढतो. शिवाय असा थर आतल्या जंतूंना उष्णतेपासून थोडा आडोसा देतो आणि वाफेतून वाचलेल्यांना खायलाही घालतो. वाचतातच काही. घरातली वाफ किंवा उकळी 100 अंशांच्या आसपास असते. तेवढ्यात नेहमीचे जंतू मरतात, पण काही जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कडक कवचातली सुप्त रूपं, तग धरतात. ते मारायला दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हसारखी दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. म्हणून घरी आपण ज्याला निर्जंतुक करणं म्हणतो, त्याचं यश आधी बाटली किती स्वच्छ होती यावर बरंच अवलंबून असतं.

धुण्याची पद्धत त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून बसवली. बाळाचं पिऊन झालं की बाटली लगेच साध्या किंवा कोमट पाण्याने विसळायची, कडकडीत पाण्याने नाही, कारण त्याने दूध तिथेच धरतं. मग सगळे भाग सुटे करायचे: बाटली, रिंग, निपल, झाकण आणि हवेसाठी वेगळी झडप असेल तर तीही. निपल रिंगमधून ओढून काढायचंच. बहिणीकडून नेमकं हेच राहत होतं. धुण्यासाठी फक्त बाळाच्या वस्तूंचं एक वेगळं टब ठेवलं, कारण सिंकमध्ये भाजीची माती आणि मासे-मटणाचं पाणी पडलेलं असतं. टबात गरम पाणी आणि लेबलवर लिहिलंय तेवढंच बॉटल वॉश घातलं. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, फेस काढायला पाणी मात्र दुप्पट लागतं. बाटलीला लांब ब्रश, निपलला छोटा. निपलमध्ये साबणाचं पाणी भरून ते भोकातून पिचकारीसारखं बाहेर दाबायचं, मग साधं पाणी भरून पुन्हा तसंच. शेवटी प्रत्येक भाग वाहत्या पाण्याखाली खळखळून घ्यायचा.

बॉटल वॉश हा मुळात भांड्यांच्या साबणाचाच सौम्य भाऊ. त्यातले साबणाचे रेणू एका बाजूने स्निग्धांशाला धरतात, दुसऱ्या बाजूने पाण्याला, आणि थर पाण्यासोबत वाहून जातो. त्यासोबत बरेच जंतूही जातात, आणि हा फायदा खरा आहे. पण वाहून जाणं आणि मरणं यात फरक आहे. म्हणून लेबलवर काहीही छापलेलं असलं तरी लहान बाळासाठी त्यानंतर उकळ किंवा वाफ हवीच. धुणं नीट झालं का, हे कळायला सोपी खूण आहे: ओल्या बाटलीच्या आत बोट फिरवा. तुळतुळीत घसरलं तर स्निग्धांश आहे, अडखळून किंचित चरचरलं तर निघालाय. आणि कोरड्या बाटलीत नाक घालून वास घ्या, नाक इथे डोळ्यांपेक्षा खरं बोलतं. ब्रशही रोज धुऊन उभा वाळवायचा, आणि त्याचे केस फाकले की बदलायचा. कडक ब्रशने प्लास्टिकला चरे पडतात आणि दूध त्यात बसतं.

आता उकळणं की मशीन? जंतू मारण्याच्या कामात दोन्ही सारखीच चांगली आहेत. फरक आहे तो चूक कुठे होते यात.

उकळताना चूक होते ती हवेची. बाटली आडवी सोडली की आत बुडबुडा अडकतो, बाटली तरंगते आणि वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. त्या भागाला उकळी लागतच नाही. म्हणून बाटली आधी पाण्याने भरून मगच टोपात बुडवायची. निपलही तरंगतात, त्यांच्यावर छोटी स्टीलची चाळणी पालथी घालायची. तळाशी सुती फडकं अंथरलं की प्लास्टिक तापलेल्या तळाला लागून वाकडं होत नाही. वेळ मोजायची ती पाणी खळखळायला लागल्यापासून, गॅस लावल्यापासून नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी 5 मिनिटं सांगते, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस किमान 10. मी 10 मिनिटं ठेवते, गॅस थोडा जास्त जातो एवढंच. रोजच्या उकळीने निपल लवकर थकतं. ते चिकट लागायला लागलं, फुगलं किंवा भोक मोठं दिसायला लागलं की टाकून द्यायचं.

मशीनमध्ये चूक होते ती पाण्याच्या मापाची आणि मांडणीची. बऱ्याच मशीनमध्ये तळाच्या तव्यावर मोजून पाणी घालतात, साधारण 80 ते 100 मिलि, पण प्रत्येकाचं माप वेगळं, पुस्तिकेत असेल तेच घ्यायचं. ते पाणी वाफ होऊन संपत आलं की मशीन बंद होतं. म्हणजे पाणी कमी घातलं तर वाफही कमी वेळ मिळते आणि दिवा मात्र काम झाल्याचा दिसतो. भाग एकमेकांवर रचले, निपलवर झाकण पालथं पडलं, तर तिथे वाफ पोचत नाही. तोंडं खाली, मध्ये मोकळी जागा. झाल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही, वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट बसतो.

बहिणीच्या मशीनच्या तव्यावर आणखी एक गोष्ट होती: पांढरी पुटं, मध्यभागी तपकिरी झालेली. तिच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. ते जड असतं, त्यातले क्षार वाफ होताना तव्यावरच राहतात. पुट जाड झालं की तवा नीट तापत नाही. आम्ही एक कप पाण्यात दोन छोटे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातलं लिंबूसत्त्व, विरघळवून तव्यावर अर्धा तास ठेवलं. मशीन बंदच होतं. पुटं फसफसून सुटली. पाणी ओतून ओल्या फडक्याने दोनदा पुसलं आणि एकदा रिकामं मशीन लावलं. खालचा भाग नळाखाली धरायचा नाही, त्यात वीज असते. पुढे तिने फिल्टरचं पाणी वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून पुटं क्वचितच दिसतात.

निर्जंतुक झाल्यावरचा भाग दोन्हींत सारखा. हात साबणाने धुऊन, चिमट्याने उचलायचं. ओट्यावरच्या फडक्याने पुसायचं नाही, फडक्यावरचे जंतू त्याच क्षणी परत येतात. आत पाण्याचे थेंब राहिले तर राहू द्या. झाकण न उघडता मशीनमध्ये ठेवलेल्या बाटल्या साधारण 24 तास चालतात, पुस्तिकेत वेळ दिलेली असते. उकळलेली बाटली मात्र लगेच जोडून, झाकण लावून ठेवायची.

हे किती महिने? यावर सगळे एकमताने बोलत नाहीत. सीडीसी 2 महिन्यांखालच्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोज निर्जंतुक करायला सांगते, एनएचएस वर्षभर. मी बहिणीला वर्षभर करायला सांगितलं. धुणं मात्र प्रत्येक पाजण्यानंतर, त्याला वय नाही.

पावडरचं दूध देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. डब्यातली पावडर स्वतः निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे आजार करणारे जीवाणू सापडू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना 70 अंशांपेक्षा कमी नसलेल्या गरम पाण्यात पावडर कालवायला सांगते. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, थोडंच असेल तर आणखी लवकर. मग बाटली थंड पाण्यात धरून गार करायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा आणि मगच बाळाला द्यायची. बाळाने अर्धवट सोडलेलं दूध नंतरसाठी ठेवायचं नाही.

बहिणीच्या बाटल्यांचा वास तिसऱ्या दिवशी गेला. दोन निपल मात्र टाकावी लागली, त्यांच्यातला थर घासून निघेना. प्रवासात आता ती मशीन नेत नाही, आईने दिलेलं स्टीलचं बोंडलं नेते. त्याला ना रिंग, ना झडप, ना भोक, त्यामुळे आतला प्रत्येक कोपरा बोटाने चाचपता येतो, आणि घासून झाल्यावर ते कुठल्याही छोट्या पातेल्यात बुडवून उकळता येतं.