दर हलला नाही, तरी धोरण कडक झालं

मध्यवर्ती बँकेने व्याजदर ‘जैसे थे’ ठेवला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच वाक्य छापून येतं: धोरणात बदल नाही. हे वाक्य बरेचदा चुकीचं असतं.

समजा, कुणी ८ टक्के व्याजाने १०० रुपये घेतले आणि वर्षभरात सगळ्या वस्तू १० टक्क्यांनी महागल्या. तो १०८ रुपये परत करेल, पण आज १०० रुपयांना मिळणाऱ्या वस्तूला तेव्हा ११० रुपये पडतील. म्हणजे वस्तूंच्या हिशेबात त्याने घेतलं त्याहून कमीच परत केलं. व्याजदरातून महागाई वजा केल्यावर जे उरतं तो वास्तविक व्याजदर; इथे तो उणे २ टक्के आहे. यात एक मेख आहे. कर्ज पुढे फेडायचं असतं, त्यामुळे वजा करायची ती येत्या काळात अपेक्षित असलेली महागाई. गेल्या वर्षीची महागाई आपण वापरतो ती केवळ सोयीसाठी.

आता हा वास्तविक दर जास्त की कमी, हे कशाशी ताडून ठरवायचं? त्यासाठी तटस्थ वास्तविक दर लागतो. अर्थव्यवस्था आपल्या क्षमतेइतकी चालू आहे, महागाई स्थिर आहे, आणि व्याजदर तिला रेटतही नाही की रोखतही नाही, अशा स्थितीतला हा दर. प्रत्यक्ष वास्तविक दर याच्या वर असेल तर धोरण कडक, खाली असेल तर सैल.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ. जुलै २०२२मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, दर २.२५ ते २.५० टक्क्यांवर नेला आणि अध्यक्ष जेरोम पॉवेल म्हणाले, आपण तटस्थ पातळीला पोहोचलो. फेडचा दीर्घकालीन तटस्थ दराचा अंदाज २.५ टक्के होता, म्हणून हे म्हणणं वरवर बरोबर दिसतं. पण त्या २.५मध्ये २ टक्के महागाई गृहीत धरलेली होती. वास्तविक तटस्थ दर उरला अर्धा टक्का. मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत त्या महिन्यात लोकांना पुढच्या वर्षभरात ५.२ टक्के महागाईची अपेक्षा होती. फेडच्या दराचा मध्य साधारण २.४; त्यातून ५.२ गेले, उरले उणे २.८. तटस्थ पातळीपेक्षा धोरण तीन टक्क्यांहून अधिक सैल होतं!

वर्षभराने, जुलै २०२३मध्ये, दर ५.२५ ते ५.५० झाला. अपेक्षित महागाई ३.४ वर उतरली होती, म्हणजे वास्तविक दर सुमारे २ टक्के. पुढे वर्षभराहून जास्त काळ फेडने दराला हात लावला नाही. ऑगस्ट २०२४पर्यंत अपेक्षित महागाई २.८ झाली आणि वास्तविक दर २.६ च्या आसपास गेला. म्हणजे काहीही न करता फेडने अर्ध्या टक्क्याहून जास्त कडकपणा वाढवला होता. महागाई उतरत असताना दर स्थिर ठेवणं म्हणजे हळूहळू दरवाढ करणंच. उलट, महागाई चढत असताना दर स्थिर ठेवला तर न बोलता सैल सोडल्यासारखं होतं.

इथवर गणित सोपं आहे. अडचण तटस्थ दराच्या त्या अर्ध्या टक्क्याची आहे, कारण हा दर कुठेही मोजता येत नाही. उत्पादन, महागाई आणि व्याजदर यांच्या चालीवरून तो मागाहून अनुमानाने काढावा लागतो. २०२३मध्ये फेडच्याच प्रादेशिक बँकांपैकी न्यूयॉर्क फेडच्या एका प्रतिमानातून तो १ टक्क्याच्या आसपास येत होता, तर रिचमंड फेडच्या प्रतिमानातून २ टक्क्यांच्या वर. दुसरा आकडा खरा मानला तर जुलै २०२३चं धोरण कडक नव्हतंच. अर्थतज्ज्ञ या दराला r* असं लिहितात, त्यातली चांदणी म्हणजे तारा. त्यावरून पॉवेल यांनी ऑगस्ट २०२३मध्ये म्हटलं होतं की, आपण ढगाळ आकाशाखाली ताऱ्यांच्या भरवशावर वाट काढतो आहोत. तरीही या ताऱ्याचं दशांशापर्यंतचं स्थान छातीठोकपणे सांगणारे विश्लेषक भेटतात. त्यांच्यात आणि कुंडली मांडणाऱ्यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मग ओळखायचं कसं? स्वीडनचे अर्थतज्ज्ञ क्नुट विक्सेल यांनी १८९८मध्येच मार्ग सुचवला होता: तटस्थ दर दिसत नसेल तर किमतींकडे पाहा. त्या सतत चढत असतील तर दर कमी आहे, उतरत असतील तर जास्त. मात्र किमती एकट्या फसवतात. पुरवठा सुरळीत झाल्यानेही महागाई उतरते, आणि २०२३मध्ये ते काही प्रमाणात घडलंही. म्हणून रोजगाराची जोड हवी. अमेरिकेत बेरोजगारी जुलै २०२३मधल्या ३.५ टक्क्यांवरून ऑगस्ट २०२४मध्ये ४.२ वर गेली. महागाई उतरते आहे आणि बेरोजगारी चढते आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की धोरण कडक असल्याचा संशय बळावतो. पण दराचा परिणाम उमटायला बराच काळ जातो, त्यामुळे हा पुरावा नेहमी उशिरा हाती लागतो.

१८ सप्टेंबर २०२४ला फेडने दर अर्ध्या टक्क्याने कमी केला. २.८ टक्के अपेक्षित महागाई धरली तर वास्तविक दर तेव्हाही २.१ च्या आसपास उरत होता: फेडच्या जुन्या अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने अजूनही चांगलाच कडक, आणि तटस्थ दर २ टक्के मानणाऱ्यांच्या हिशेबाने जवळपास तटस्थ.