एसडब्ल्यूआर १.२ आलाय, पण रेंज किती ते कळलं का?

मॉक्सन अँटेना म्हणजे तारेचा एक आयत. लेस मॉक्सन नावाच्या ब्रिटिश हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, नावाने ओळखला जातो आणि घरी करायला याच्यासारखा सोपा दिशादर्शक अँटेना क्वचितच असेल. १४५ मेगाहर्ट्झसाठी २ मिमी जाडीची उघडी तांब्याची तार घेतली तर आयत साधारण ७४ सेमी रुंद आणि २७ सेमी खोल होतो, फ्रेमला पीव्हीसी पाइप चालतो. पुढच्या तुकड्याची तार एकूण ९४ सेमी, मधोमध कापून तिथे रेडिओकडून येणारी कोॲक्स केबल जोडायची. मागचा तुकडा १०२ सेमी, तो अखंड, तो रिफ्लेक्टर. दोघांची टोकं एकमेकांकडे वळलेली असतात आणि मधे तीन सेमीची फट राहते. ही फट नीट जपा, समोरची ताकद आणि मागची शांतता बरीचशी तिच्यावरच ठरते.

आता एसडब्ल्यूआर. रेडिओतून अँटेनाकडे जाणाऱ्या पॉवरपैकी काही परत येते, तिचं प्रमाण सांगणारा हा आकडा. ५ वॉट पाठवले आणि ०.२ वॉट परत आले, म्हणजे ४ टक्के, की एसडब्ल्यूआर होतो १.५. २ असेल तर ११ टक्के परत, ३ असेल तर २५ टक्के. म्हणजे १.५ चा १.१ करायला रात्र जागवण्यात फारसा अर्थ नाही हो, समोरच्याला तो फरक ऐकूही येत नाही.

एकाच फ्रिक्वेन्सीवर बघून थांबू नका. कमी पॉवर ठेवून थोड्या थोड्या अंतराने रीडिंग घ्या (ट्रान्समिट करायला हॅम लायसन्स लागतं, आणि रेडिओला परवानगी असलेल्या बँडबाहेर बघायचं असेल तर नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र बरं) आणि सगळ्यात कमी आकडा कुठे येतो ते शोधा. समजा तो १४५ ऐवजी १४१ वर आला, तर अँटेना विजेच्या हिशोबाने लांब झालाय, साधारण पावणेतीन टक्के. बऱ्याचदा कारण असतं प्लास्टिकचं आवरण असलेली तार, आवरणामुळे लहर तारेवर जरा हळू चालते. मग पुढचीच टोकं कापत बसलात तर फट वाढते आणि मागची बाजू बिघडते, त्यापेक्षा सगळा आयतच त्या प्रमाणात लहान करा: ७४ चे ७२, खोली २७ ची सव्वासव्वीस, फट मात्र तेवढीच. आणि कोॲक्सला हात लावला की आकडा हलत असेल तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट वाहतोय, म्हणजे केबलच अँटेना झालीय. जोडणीच्या अगदी जवळ व्हीएचएफसाठीचे फेराइटचे मणी ओवा.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे लांब बारीक केबल. आरजी-५८ चे २० मीटर १४५ मेगाहर्ट्झला ४ डीबीच्या आसपास खातात, ५ वॉटचे वर २ वॉटच पोचतात. परत येणारी पॉवरही तेवढीच झिजते, त्यामुळे वर अँटेना तुटून पडला तरी खाली मीटर अडीचच्या आत-बाहेरच दाखवेल! म्हणून मोजमाप अँटेनाजवळ, छोट्या केबलने. डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर, तर १.० दाखवतो आणि त्याचा सिग्नल बाहेर जवळपास जातच नाही. एसडब्ल्यूआर फक्त परत काय आलं ते सांगतो, बाकीचं कुठे गेलं ते नाही.

ते कळायला रेंजच मोजावी लागते, आणि तीही तुलनेने. त्याच उंचीवर, त्याच केबलला आधी साधा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली सरळ तार, मग मॉक्सन. समोरच्याचा अँटेना उभा असेल तर आपलाही उभा हवा, एक आडवा एक उभा असला की १५-२० डीबी सहज जातात आणि लोक मग अँटेनालाच शिव्या घालतात. मॉक्सन डायपोलपेक्षा समोर साधारण ४ डीबी जास्त देतो, म्हणजे अडीचपट पॉवर. पण अंतर अडीचपट होत नाही! जमिनीलगत अंतर दुप्पट व्हायला जवळपास १२ डीबी लागतात, त्या हिशोबाने ४ डीबीत पंचवीसेक टक्केच वाढ मिळते. शिवाय क्षितिजाची मर्यादा आहेच: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१ ने गुणायचं, किलोमीटर मिळतात. ९ आणि ४ मीटर उंचीला साधारण साडेवीस. टेकड्या-इमारती मधे आल्या की त्याहून कमी.

मोजताना साथीदाराने दूर जाता जाता प्रत्येक ठिकाणी एकेक मीटर सरकत तीन-चार जागी उभं राहून रेडिओवर दहा आकडे वाचून दाखवावेत, कारण परावर्तनामुळे मीटरभरात सिग्नल पडतो आणि उठतो. दहापैकी नऊ बरोबर आले तोवर वापरण्याजोगी रेंज धरा. मग तिथेच थांबून अँटेना उलटा फिरवा. मागे तोंड करूनही आवाज तसाच येत असेल तर एसडब्ल्यूआर कितीही सुंदर असू दे, फट किंवा फेराइट परत तपासा.