बगदादचे बीमारिस्तान

‘मध्ययुगातील बीमारिस्तान, म्हणजे इस्लामी दवाखाने, हे फक्त मुसलमानांसाठीचे अन्नछत्र, वैद्यकाचे शिक्षण आणि रोग्यांच्या नोंदी तिथे कुठून असणार?’ असा एक आक्षेप आहे.

नोंदी होत्या. इराणमधील रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचा प्रमुख राहिलेला वैद्य अल-राझी (मृत्यू सुमारे 925) रोग्याची लक्षणे, उपचार आणि परिणाम टिपून ठेवत असे, आणि त्याच्या मृत्यूनंतर या टिपणांतूनच ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध झाला. डोके व मान जड होऊन दुखणे, उजेड नकोसा वाटणे अशी सरसामची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, पूर्वचिन्हे दिसलेल्या रोग्यांपैकी एका गटाचे त्याने रक्त काढले आणि दुसऱ्याचे मुद्दाम काढले नाही. पहिला गट वाचला, असे तो लिहितो. अर्थात या गटांत किती जण होते, कोण अधिक आजारी होते, हे तो सांगत नाही, त्यामुळे याला आजच्या अर्थाने चाचणी म्हणणे धाडसाचे ठरेल.

शिकवण्याची रीतही ठरलेली होती. रोगी आला की प्रथम बाहेरच्या रांगेतील शिष्य त्याला तपासत. त्यांना उलगडा झाला नाही तर पुढची रांग, आणि सर्वांत शेवटी राझी स्वतः.

धर्माची गोष्ट मात्र एकरंगी नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी साथीच्या वेळी सिनान इब्न साबित या साबी, म्हणजे नक्षत्रपूजक पंथातील, वैद्याने, खेड्यांतील ज्यूंवर उपचार करावेत काय, असे वजीर अली इब्न ईसाला विचारले. उत्तर आले की उपचार करावेत, पण आधी मुसलमानांवर. बाराव्या शतकात मात्र बगदादच्या अदुदी रुग्णालयाचा प्रमुख इब्न अल-तिल्मीझ हा ख्रिस्ती होता.